ब्रेकअपनंतरचे पहिले आठवडे: एक्सला मेसेज करायची उबळ आली की नेमकं काय करायचं

सहा-सात वर्षांचं नातं तुटलं की पहिल्या काही आठवड्यांत माणूस सगळ्यात जास्त झगडतो तो हातातल्या फोनशी. रडू येतं, भूक मरते, पहाटे चारला डोळे उघडतात, हे सगळं होतंच आणि ते कसंबसं निभावतंही. पण रात्री साडेअकराला पाठवलेला "झोपलास?" हा एक मेसेज पुढचे तीन दिवस खाऊन टाकतो, कारण त्यानंतर तुम्ही फक्त टिक निळी व्हायची वाट बघत बसता. माझं काम कौन्सेलिंगचं, त्यामुळे हे फार वेळा ऐकलंय, आणि "स्ट्रॉंग रहा, मूव्ह ऑन कर" असले सल्ले या साडेअकराच्या वेळी काडीचेही कामाला येत नाहीत हेही बघितलंय. म्हणून इथे बाकी सगळं बाजूला ठेवून मेसेजच्या उबळीबद्दलच लिहिते.

उदाहरण एका फोंड्याच्या मुलीचं घेते, तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून. वय एकोणतीस, ऑफिस पणजीला पाटोवर, रोज बसने जाणं-येणं. तो म्हापशाचा. सहा वर्षांचं नातं, दोन्ही घरी माहीत असलेलं, आणि जूनच्या शेवटी त्याने स्पष्ट सांगितलं की मला हे पुढे न्यायचं नाही. भांडण नाही, तिसरं कोणी नाही, मारहाण नाही. हे मुद्दाम सांगते कारण नात्यात मारहाण, धमक्या, पाळत असं काही असेल तर खालच्या बऱ्याच गोष्टी लागू पडत नाहीत, त्याचं शेवटी वेगळं लिहिलंय.

उबळ मेसेजची नसते, उत्तराची असते

हे आधी डोक्यात बसलं की पुढचं सोपं होतं. 2010 साली हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकताच नकार मिळालेल्या पण अजून प्रेमात असलेल्या पंधरा जणांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं, समोर त्या नाकारणाऱ्या व्यक्तीचा फोटो ठेवून, तेव्हा मेंदूचे जे भाग जास्त चाललेले दिसले त्यात व्यसनाच्या तलफेशी जोडले जाणारे भाग होते. पंधरा म्हणजे लहानच गट आहे, त्यामुळे यावरून प्रेम म्हणजे व्यसनच असं काही सिद्ध होत नाही, पण "मला माहितीये की उपयोग नाही, तरी हात जातो" हे जे लोक सांगतात ते यातून कळतं. समजून घ्यायचा भाग आणि हवंहवंसं वाटण्याचा भाग वेगळे चाललेले असतात, त्यामुळे स्वतःशी वाद घालून उबळ जात नाही.

आता यात आणखी एक गंमत आहे. समोरच्याने कधीच उत्तर दिलं नाही तर हात आपोआप थांबतो, वेळ लागतो पण थांबतो. दर वेळी दिलं तरी त्याचं नावीन्य जातं. सगळ्यात वाईट म्हणजे कधी देणं आणि कधी न देणं. मांडवीतल्या कॅसिनोत मशीनसमोर बसलेला माणूस उठत नाही तो याच कारणाने, पाच वेळा काही नाही आणि सहाव्या वेळी थोडेसे पैसे पडतात. ब्रेकअपनंतरचा एक्स बहुतेक वेळा असाच वागतो, मुद्दाम नाही, त्याचंही काही धड चाललेलं नसतं म्हणून, सोमवारी तुटक "हं", गुरुवारी काहीच नाही आणि शनिवारी रात्री दोन तास गप्पा. त्या शनिवारच्या दोन तासांवर तुम्ही पुढचे पंधरा दिवस मेसेज करत राहता.

म्हणून मी सगळ्यांना एकच कसोटी सांगते. मेसेज पाठवायच्या आधी विचारा, याला उत्तर आलंच नाही तर चालेल का? खरोखर चालणार असेल तर तो कामाचा मेसेज, पाठवा. पोटात गोळा येत असेल तर मेसेज फक्त निमित्त आहे, तुम्हाला उत्तर हवंय.

त्या मुलीकडे त्याचा निळा रेनकोट राहिला होता. पहिल्याच आठवड्यात तिने तीनदा लिहून खोडलं, "तुझा रेनकोट माझ्याकडे आहे, पाऊस आहे म्हणून विचारते." मी विचारलं, त्याने नुसता अंगठा पाठवला तर? ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "मग मला रात्रभर झोप नाही लागणार." म्हणजे रेनकोटचा काही प्रश्नच नव्हता.

पायरी पहिली: सगळे रेनकोट एकदाच संपवा

वस्तू, पैसे, कागद हे असे बहाणे जिवंत ठेवले की उबळीला कायम एक सभ्य कारण मिळत राहतं. तर पहिल्या दोन-तीन दिवसांत, शक्यतो सकाळी, एक कागद घेऊन बसा आणि दोघांमध्ये अडकलेलं सगळं लिहून काढा. कपडे-पुस्तकं आठवतात, पण खालच्या गोष्टी राहून जातात: गाडीचा इन्शुरन्स कोणी भरला, एकाच्या कार्डावर चालणारं ओटीटी, फोनचा फॅमिली प्लॅन, यूपीआयचं ऑटोपे, पॉलिसीत किंवा एफडीत नॉमिनी म्हणून नाव, एकमेकांच्या लॅपटॉपवर लॉगिन राहिलेला ईमेल, आणि गूगल मॅप्सवर चालू राहिलेलं लोकेशन शेअरिंग. हे शेवटचं तर आजच बंद करा, दोन्ही बाजूंनी, कारण तो म्हापशाहून पर्वरीला का गेला याचा विचार करत बसणं हे मेसेज करण्याइतकंच वाईट.

मग एकच मेसेज. तिने शेवटी पाठवला तो असा होता:

"तुझा रेनकोट, दोन पुस्तकं आणि हार्ड डिस्क माझ्याकडे आहे. शनिवारी पणजीत तुझ्या मित्राकडे देते. माझा कॅमेरा आणि सर्टिफिकेटांची फाईल त्याच्याकडेच ठेव. गाडीच्या इन्शुरन्सचे माझे पैसे महिनाअखेरपर्यंत टाक. यानंतर काही आठवडे मी बोलणार नाहीये. यातलं काही राहिलं तर त्याच्याकडून कळव."

यात "कसा आहेस" नाही, "काळजी घे" नाही, प्रश्नचिन्ह तर एकही नाही. प्रश्न विचारला की उत्तराची वाट बघणं आलंच. वस्तू तिसऱ्या माणसाकडून द्यायच्या-घ्यायच्या, "एकदा भेटून देऊया ना" हे नको, पहिल्या महिन्यात तर नकोच. तो तिसरा माणूस शहाणा बघा. ज्याला दोघांना परत एकत्र आणायची हौस आहे असा कॉमन फ्रेंड निवडलात तर रेनकोटाबरोबर निरोपही यायला लागतील.

लग्न झालेलं असेल, मूल असेल, एकत्र लोन असेल तर संपर्क तोडता येत नाही हे उघड आहे. तिथे विषय ठरवून घ्यायचा, मुलाची शाळा, डॉक्टर, पैसे, एवढंच, आणि शक्य असेल तर ते ईमेलवर न्यायचं. ईमेलला निळी टिक नसते आणि तो अंथरुणात पडून लिहायची सवयही कोणाला नसते.

पायरी दुसरी: फोनची व्यवस्था लावून ठेवा, पण कशी ते बघून

बहुतेक लोक पहिलं करतात ते अर्काइव्ह. अर्काइव्ह म्हणजे चॅट डोळ्यांसमोरून जातं, पण चॅट लिस्टच्या वर अर्काइव्हची ओळ दिसत राहते आणि एका टॅपवर आत जाता येतं. ज्यांची उबळ सौम्य आहे त्यांना पुरतं. ज्यांची नाही त्यांनी ब्लॉक करावं. ब्लॉक म्हणजे अपमान अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट आहे, पण तुम्ही वरच्यासारखं सांगून ब्लॉक केलंत तर त्यात अपमान काही नाही. ब्लॉकचा खरा फायदा हा की तुम्हालाही त्याचं लास्ट सीन, ऑनलाइन आणि स्टेटस दिसत नाही. मेसेज करणारे जेवढे त्याच्या तिप्पट लोक नुसतं "ऑनलाइन आहे, कोणाशी बोलत असेल" हे बघत जागतात. एक लक्षात ठेवा, दोघं एकाच ग्रुपमध्ये असाल तर ब्लॉक करूनही ग्रुपमधले मेसेज दोघांना दिसतात, त्यामुळे तो ट्रेकिंगचा ग्रुप काही दिवस सोडा किंवा म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका.

जुनं चॅट डिलीट करायचं का? पहिल्या आठवड्यात नको. उबळीत डिलीट करतात आणि मग दोन दिवसांनी "आमचं सगळं गेलं" म्हणून आणखी एक रडणं आणि त्यावरून आणखी एक मेसेज. चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा, मग फोनवरून काढा. आहे पण हाताशी नाही, एवढं अंतर पुरे. फोटोंचंही तेच, गूगल फोटोजमध्ये मेमरीजच्या सेटिंगमध्ये जाऊन एखादा चेहरा लपवता येतो, म्हणजे सकाळी उठल्यावर "तीन वर्षांपूर्वी आजच्या दिवशी" म्हणून दूधसागरचा फोटो अचानक समोर येत नाही. फोटो डिलीट होत नाहीत, फक्त आपणहून वर येणं थांबतं.

इन्स्टावर त्याला म्यूट किंवा अनफॉलो केलंत तरी त्याची बहीण, त्याचा रूममेट आणि ती ऑफिसातली मुलगी राहतेच. त्यांनाही म्यूट. त्यांना कळत नाही. आणि हो, जीपे. हसू नका, सगळीकडे ब्लॉक करून झाल्यावर एक रुपया पाठवून त्याच्या नोटमध्ये "बोलायचंय" लिहिणारे लोक मी बघितलेत. तिथेही ब्लॉक करा.

पायरी तिसरी: उबळ कधी येते ते लिहा

हे सगळ्यात कंटाळवाणं वाटतं आणि सगळ्यात उपयोगी पडतं. चार-पाच दिवस, उबळ आली की एका छोट्या वहीत पाच गोष्टी लिहायच्या: वेळ, जागा, लगेच आधी काय झालं, जोर दहापैकी किती, आणि काय पाठवावंसं वाटलं. तिच्या वहीतली तीन पानं बघा.

मंगळवार, संध्याकाळी पावणेसात, बसमध्ये, बाणस्तारीचा पूल. आधी काही झालं नाही. जोर आठ. पाठवायचं होतं: "निघाले."

मंगळवार, रात्री अकरा वीस, अंथरुणावर. आधी त्याच्या बहिणीचं स्टेटस बघितलं. जोर नऊ. पाठवायचं होतं: "तुला खरंच काहीच वाटत नाही का?"

रविवार, दुपारी तीन, घरी, हुमण-शीत जेवून सगळे झोपलेले. जोर सात. पाठवायचं होतं: "काय करतोयस?"

बाणस्तारीच्या पुलावर काही झालं नाही असं तिने लिहिलंय, पण झालं होतं. सहा वर्षं रोज ऑफिसमधून परत येताना त्याच सुमाराला ती त्याला फोन करायची. म्हणजे ती उबळ दुःखातून येत नव्हती, वेळापत्रकातून येत होती. हे कळल्यावर तिला जरा हायसं वाटलं, कारण तोवर तिची समजूत होती की एवढी आठवण येते म्हणजे आपण परत जायलाच हवं. रात्रीची उबळ वेगळी, ती स्टेटस बघितल्यावर आलेली. रविवारची तिसरीच, निव्वळ रिकामेपणाची. तीन उबळी, तीन कारणं, आणि तिघींना एकच औषध लागू पडत नाही.

तर बससाठी तिने ठरवलं: बस ओल्ड गोव्याला पोचली की मावशीला फोन करायचा, पूल गेल्यावर ठेवायचा. "जेव्हा हे होईल तेव्हा मी ते करेन" असं ठरवून ठेवलेलं वाक्य "मी मेसेज करणार नाही" या निश्चयापेक्षा जास्त टिकतं, कारण त्या क्षणी विचार करावा लागत नाही. आठवड्यातून दोनदा ती म्हार्दोळला उतरून मावशीकडेच जायला लागली, जेवून मग घरी. रात्रीसाठी बहिणीचं स्टेटस म्यूट केलं आणि फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात, अलार्मसाठी शंभर-दीडशेचं साधं घड्याळ आणलं. रविवारचं पुढे सांगते.

पायरी चौथी: ती वीस-तीस मिनिटं

सगळी तयारी करूनही उबळ येणारच. अ‍ॅलन मार्लाट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, दारू सोडणाऱ्यांबरोबर त्यांचं मोठं काम, त्यांचं म्हणणं असं की तलफ वाढत वाढत एका टोकाला जाते आणि तुम्ही ती भागवली नाहीत तरी उतरते, साधारण अर्ध्या तासाच्या आत. माणसाला आतून वाटत असतं की मेसेज केला नाही तर हे वाढतच जाईल. तसं होत नाही. पण हे सांगून पटत नाही, एकदा घड्याळ लावून बघावं लागतं.

करायचं असं. उबळ आली की फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि वीस मिनिटांचा टायमर लावा. बसा, आणि शरीरात कुठे काय होतंय ते बघा, छातीत दाटतंय, घसा आवळलाय, हात थंड पडलेत, पोट. नुसतं बघायचं, घालवायचा प्रयत्न करायचा नाही. पाच-पाच मिनिटांनी मनातल्या मनात जोर किती ते म्हणायचं, नऊ, नऊ, सात, पाच. ज्यांना असं बसवत नाही, आणि पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांना बसवत नाही, त्यांनी हात ओले होतील असं काही करा, भांडी घासा, नारळ खवा, आंघोळ करा, म्हणजे फोन धरता येत नाही.

बोलायचं भरून आलेलं असेल तर लिहा, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या खिडकीत लिहू नका, तिथे अंगठा आणि सेंडचं बटण यांच्यात अर्धा इंच अंतर असतं. कागदावर लिहा, तारीख टाका, आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर वाचा. रात्री लिहिलेलं दुपारी वाचलं की दहातली आठ पत्रं स्वतःलाच पाठवावीशी वाटत नाहीत. मात्र रोज तासन्‌तास तेच ते लिहायला लागलात तर थांबा, ते मोकळं होणं राहत नाही, उगाळणं होतं. पंधरा-वीस मिनिटं पुरे.

आणि एक, "त्याच्या वाईट गोष्टींची यादी कर" हा मैत्रिणींचा आवडता सल्ला. 2018 मध्ये सांद्रा लांगेस्लाग आणि मिशेल सांचेझ यांनी हे तपासलं होतं. जुन्या जोडीदाराच्या वाईट बाजूंचा विचार केल्यावर प्रेम कमी झाल्यासारखं वाटतं, पण मूड आणखी बिघडतो, आणि दुसऱ्या कशाचा विचार केल्याने प्रेम कमी होत नाही पण मूड सुधारतो. म्हणजे यादी करायची तर सकाळी, दिवसभर काम असताना. रात्री अकराला नको, तेव्हा बिघडलेल्या मूडची परिणती पुन्हा मेसेजमध्येच होते.

मैत्रिणीची मदत घ्यायची तर तिला नेमकं काय करायचं ते आधी सांगून ठेवा. "मला समजव" असं सांगितलंत तर ती बिचारी दीड तास समजावते आणि दोघीही दमता. त्या मुलीने मैत्रिणीला सांगितलं होतं, "मी फक्त 'उबळ' एवढंच लिहीन, तू वीस मिनिटं कशाबद्दलही बोल, त्याच्याबद्दल सोडून." मैत्रीण तिला ऑफिसातल्या भानगडी सांगायची. काम झालं.

पायरी पाचवी: रिकाम्या रविवारचं काय

गोव्यातल्या लोकांना हे कदाचित माहीत नसेल, पण पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेने इथल्याच सरकारी आरोग्य केंद्रांत डिप्रेशनसाठी एक उपचार चालवून बघितला, हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम नावाचा, आणि त्याचे निष्कर्ष 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. सहा ते आठ बैठका, तेही डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी घेतलेल्या, आणि गाभा इतकाच की माणसाला बरं वाटेपर्यंत न थांबता ठरवून छोट्या कृती करायला लावायच्या, कृती आधी आणि बरं वाटणं मागून. ब्रेकअप म्हणजे डिप्रेशन नव्हे, पण ही पद्धत इथेही चालते.

ठरवायचं कसं यात लोक चुकतात. "व्यायाम सुरू करणार" हे ठरवणं नाही. दिवस, वेळ, जागा आणि बरोबर कोण, हे चार असले की ते ठरलं. आणि शक्यतो असं काही जिथे न गेल्यास कोणीतरी विचारेल, "आली नाहीस?"

त्या मुलीच्या वाड्यावर चवथीच्या आधीची फुगडीची प्रॅक्टिस सुरू झाली होती, रविवारी दुपारी साडेतीनला, देवळाच्या मंडपात. तिने कॉलेजनंतर फुगडी घातली नव्हती आणि जायचीही इच्छा नव्हती, चुलतबहीण ओढून घेऊन गेली. पहिल्या दिवशी ती मध्येच मंडपाच्या मागे जाऊन रडून आली, परत येऊन उभी राहिली. पण बघा, दोन्ही हात दुसरीच्या हातात, फोन पिशवीत, पिशवी खांबाला टांगलेली, आणि ठेका चुकला तर सगळ्या जणी थांबतात. दीड तास त्या फोनकडे जायला जागाच नव्हती. रविवारच्या तीनच्या उबळीचा जोर वहीत सातवरून चारवर आला तो तिसऱ्या-चौथ्या रविवारी, पहिल्या नाही.

झोपेचं आणि खाण्याचं थोडक्यात सांगते. दुपारनंतर चहा-कॉफी बंद, कारण कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास जातात. भूक नसली तरी दिवसातून तीन वेळा काहीतरी, पेज आणि लोणचं चालेल, पोदेराचा पाव चहात बुडवून चालेल. आणि दारू. गोव्यात हे सांगणं अवघड आहे, ती स्वस्त आहे, हाताशी आहे आणि मित्र सगळ्यात आधी तीच ओततात. पण दारूने झोप लवकर लागते आणि मध्यरात्रीनंतर मोडते, आणि मधल्या वेळात स्वतःवरचा ताबा सैल असतो. पहिला महिनाभर प्यायचीच असेल तर फोन मित्राच्या खिशात द्यावा.

मेसेज गेलाच तर, किंवा त्याचाच आला तर

जाईल एखादा. तेव्हा दुसरा पाठवू नका, एवढंच. "सॉरी, चुकून गेला", "इग्नोर कर", "बघितलंस का" हे सगळे दुसरे मेसेज, आणि खरं नुकसान तेच करतात. डिलीट फॉर एव्हरीवन साधारण दोन दिवसांपर्यंत करता येतं, पण तिथे मेसेज डिलीट केल्याची खूण राहते आणि मग त्याने वाचला होता की नाही यावर तुमची आणखी एक रात्र जाते. पडू दे तसाच. वहीत नोंद करा, आधी काय झालं होतं ते लिहा, आणि फोन पुन्हा स्वयंपाकघरात.

आणखी एक धरून चाला, मेसेज थांबवल्यावर उबळ आधी थोडी वाढते. जे मिळायचं ते मिळायचं बंद झालं की माणूस काही दिवस आणखी जोराने प्रयत्न करतो, हे ओळखीचं आहे. साधारण दुसऱ्या आठवड्यात लोक येऊन सांगतात, "हे तर वाढलंच." तेव्हाच बरेच जण सोडून देतात.

त्याचा मेसेज आला तर? तीच कसोटी उलटी करून लावा. त्यात तुम्ही करायचं काही काम आहे का? असेल तर त्या कामापुरतं उत्तर, दुसऱ्या दिवशी. "तुझी आठवण आली" यात काम काही नाही. तिला जुलैअखेर रात्री आला, "घरी सगळे बरे ना? पाऊस फार आहे." तिने सकाळी लिहिलं, "सगळे बरे. मी म्हटलं होतं तसं सध्या बोलणार नाहीये." त्याचं पुढे काही आलं नाही आणि तो दिवस तिचा फार वाईट गेला. वही सांगते दहापैकी दहा. पण तो दुसऱ्या दिवशी सहा झाला. समजा तो खरंच परत यायचं म्हणत असेल, तर ते तो पावसाच्या निमित्ताने म्हणणार नाही, सरळ म्हणेल, दिवसा, आणि नातं कशामुळे तुटलं आणि आता काय वेगळं असेल हे सांगेल. तेव्हा बघता येईल.

गोवा लहान आहे

मुंबईत माणूस हरवतो, इथे पणजीच्या मार्केटात समोर येतो. जत्रेत, कोणाच्या लग्नात, चोडणच्या फेरीबोटीत, जिथून दहा मिनिटं उतरताही येत नाही. म्हणून दोन वाक्यं घरी मोठ्याने म्हणून तयार ठेवा. "बरा आहेस ना? चल, मला जायचंय." बस. प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबायचं नाही. भेटीनंतरचे दोन तास जपायचे, उबळ तिथेच नसते, घरी पोचल्यावर येते. आणि आते, काकी, शेजारीण "मग यंदा लाडू कधी?" विचारणारच, त्यांना "ते राहिलं आता, काकी" एवढं शांतपणे सांगितलं की शंभरात नव्वद गप्प बसतात. घरच्यांपैकी एकाला आधी सांगून ठेवा म्हणजे उरलेल्या दहांना ती व्यक्ती तोंड देईल.

हे घरगुती उपायांचं काम नाही असं कधी समजायचं

आठवणीने रडू येणं, कामात चुका होणं, वजन थोडं उतरणं हे पहिल्या आठवड्यांत होतं आणि हळूहळू, चढउतार होत होत कमी होतं. पण दोन आठवडे झाले तरी दिवसातला बहुतेक वेळ सगळं बधिर वाटतंय, अंथरुणातून उठवत नाही, जेवणखाण जवळजवळ बंद आहे, रोज प्यावी लागते, असं असेल तर डॉक्टरला दाखवा. जगू नये असं वाटत असेल किंवा स्वतःला इजा करावीशी वाटत असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं आणि एकटं राहायचं नाही. टेली-मानसचा सरकारी नंबर 14416, चोवीस तास, फुकट. बांबोळीला मनोरुग्णांचं सरकारी इस्पितळ आहे, आयपीएचबी, तिथे ओपीडीत साध्या झोपेच्या तक्रारीसाठीही लोक जातात, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. समोरच्याने "मला मेसेज करू नकोस" असं स्पष्ट सांगितलं असेल तर इथली कुठलीच पायरी लागू नाही, फक्त थांबायचं. नवा नंबर घेऊन, मित्राच्या फोनवरून, ऑफिसच्या ईमेलवर, काहीही नाही. नको म्हटल्यावरही पुरुषाने बाईशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणं किंवा तिच्या ऑनलाइन हालचालींवर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, मग भावना कितीही खऱ्या असोत.

आणि नात्यात मारहाण, धमक्या, फोटो व्हायरल करायची भीती असं काही असेल तर वरचा "सांगून ब्लॉक करा" हा सल्ला तुमच्यासाठी नाही. आधी धमक्यांचे स्क्रीनशॉट तारखेसकट विश्वासातल्या माणसाकडे पाठवा, चॅट डिलीट करू नका, फोनचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला, वस्तू आणायला एकटं जाऊ नका. बायकांसाठी 181, आणि अंगावर येण्याची वेळ आली तर 112.